सिंकखालची सही

फिटर भर दुपारी घरी आला, चपला एक इकडे एक तिकडे भिरकावल्या आणि म्हणाला, "दिलं तोंडावर फेकून."

बायको औषधाच्या दुकानात काउंटरला कामाला होती. तिची कामाची पाळी चारला सुरू व्हायची, म्हणून ती आरशासमोर केस विंचरत होती. "काय फेकलंत?"

"सगळं. ओळखपत्र, कंपनीचा फोन, कंपनीच्या गाडीची किल्ली. पाच महिने पगार नाही आणि वर मालक मलाच विचारतो, एवढी घाई कसली. म्हटलं, ठेव तुझी नोकरी तुझ्यापाशी. त्याचे सगळे मेसेज पुसले, ग्रुपमधून बाहेर पडलो आणि फोन त्याच्या टेबलावर आपटला."

"बरं केलंस," सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. "माणसाला मान हवा."

बायकोने कंगवा खाली ठेवला. तिचा नवरा घरोघरी तयार स्वयंपाकघरं बसवायचा. कपाटं, खण, ओटा, सिंक, सगळं. शोरूममध्ये ग्राहकाने चित्र पसंत केलं की ते चित्र प्रत्यक्ष भिंतीवर चढवायचं काम त्याचं. तीन वर्षं तो तिथे होता आणि त्याच्या हाताखालून गेलेलं कपाटाचं दार कधी कुरकुरलं नव्हतं. कुरकुरायचा तो स्वतः. रोज संध्याकाळी.

"रोज सकाळी साइटवर पोचल्यावर तुम्ही फोटो पाठवायचात ना ग्रुपवर? हजेरी म्हणून?" तिने विचारलं.

"हो."

"ते फोटो कुठे आहेत?"

"फोनमध्ये."

"कुठल्या फोनमध्ये?"

फिटर पाणी प्यायला लागला. तांब्या रिकामा झाला तरी त्याने तोंडापासून काढला नाही.

"आणि मालक 'पुढच्या महिन्यात नक्की देतो' म्हणून मेसेज करायचा, ते?"

"सांगितलं ना, पुसले."

"म्हणजे आपण तिथे काम केलं याचा जो काही पुरावा होता, तो तुम्ही निम्मा पुसलात आणि निम्मा त्यालाच परत देऊन आलात."

"अगं, पुरावा कशाला? अख्खं गाव ओळखतं मला."

तिने पुन्हा कंगवा उचलला आणि केस इतक्या जोरात विंचरले की कंगव्याचे दोन दात तुटले.

दुसऱ्या दिवशी ती रजा काढून त्याच्याबरोबर कामगार कार्यालयात गेली. एकट्याला पाठवायची तिची हिंमत नव्हती. त्याने रात्री बसून तक्रार लिहिली होती आणि तिला दाखवायला नकार दिला होता.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात जुनी कपाटं एकावर एक रचलेली, त्यामुळे चढणाऱ्याला उतरणाऱ्यासाठी थांबावं लागायचं. बाकांवर माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, कुणाच्या फाइल. या दोघांचा नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपली तेव्हा वीज गेली. वीज आली तेव्हा फिटर चौथ्यांदा म्हणाला, "हे लोक त्यालाच मिळालेले असणार," आणि बायकोने चौथ्यांदा त्याच्या पायावर पाय दिला.

निरीक्षक बाई पन्नाशीच्या होत्या. घसा बसलेला, चष्मा कपाळावर, समोर कागदांचा डोंगर. त्यांनी तक्रार वाचली, पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे आणलं.

"'लबाड' हा शब्द चार वेळा आलाय," त्या म्हणाल्या. "किती पगार आणि कुठल्या महिन्यांचा, हे एकदाही नाही."

"लबाडच आहे तो."

"असेल. पण मी लबाडीची वसुली करत नाही, पगाराची करते." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "हे पाहा, तक्रार मी आजही घेईन. पुरावा आणला नाही म्हणून मला कुणाला परत पाठवता येत नाही. पण माझी नोटीस तिथे पोचली की मालक जागा होणार. आज जो माणूस तुम्हाला सहज एखादा कागद देईल, तो उद्या फोन उचलणार नाही. म्हणून विचारते, आठपंधरा दिवसांत काय काय हाताला लागेल?"

फिटर बायकोकडे पाहायला लागला. बायको छताकडे.

"नेमणुकीचं पत्र?"

"दिलंच नाही कधी."

"पगाराची पावती?"

"नाही."

"ओळखपत्र?"

"होतं," फिटर म्हणाला.

"त्यांनी ते परत केलं," बायको म्हणाली. "फेकून."

निरीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दोघांकडे नीट पाहिलं. हे त्यांनी याआधीही बऱ्याचदा ऐकलं असावं, कारण त्या हसल्या नाहीत. "रागात माणूस पहिल्यांदा तेच फेकतो," त्या म्हणाल्या. "असू दे. चार गोष्टी दाखवायच्या आहेत तुम्हाला. काम कुणाकडे केलं. केलं, हे कशावरून. पगार किती ठरला होता. आणि कुठल्या महिन्यांचा मिळाला नाही. एकच मोठा कागद लागतो असं नाही. बँकेचा उतारा, मेसेज, गणवेश, सोबत काम करणारा माणूस, ग्राहक. लहान लहान दहा गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की पुरतं. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, मलासुद्धा नाही. नकला द्या, मूळ सुनावणीला दाखवायला आणा."

"आणि तक्रार कुणाविरुद्ध?" बायकोने विचारलं. "बोर्डावर जे नाव आहे त्याच्या?"

"बोर्डावर कुणी काहीही रंगवतं. धंदा कुणाच्या नावावर आहे ते शोधा. नोटीस चुकीच्या नावाने गेली की ती व्यक्ती म्हणते, माझा काय संबंध, आणि तुमचे महिने जातात. शिवाय तक्रारीला मुदत असते. तुमची अजून आहे, पण शोधाशोधीत वर्ष घालवू नका. आणि आधी मालकाला लेखी मागणी पाठवा, साध्या शब्दांत, पोच मिळेल अशी."

"आणि 'लबाड' हा शब्द नको," त्यांनी फिटरला बजावलं.

बँकेत उतारा मिळायला अर्धा दिवस गेला, कारण फिटरचं खातं ज्या शाखेत होतं ती शाखा हलली होती आणि नव्या शाखेतला माणूस जुन्या शाखेत पाठवत होता, जिथे आता चपलांचं दुकान होतं. पण उतारा मिळाला तो कामाचा निघाला. अडीच वर्षं दर महिन्याला ठरलेली तीच रक्कम जमा झालेली, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मग एक महिना उशीर, मग तीच रक्कम अर्धी अर्धी करून दोनदा, मग पाच महिने काहीच नाही. पाठवणाऱ्याच्या जागी शोरूमचं नाव नव्हतं. तिथे एक भलतीच व्यापारी फर्म होती.

"ही कोण?" बायकोने विचारलं.

फिटरने डोकं खाजवलं. "मालकाच्या सासूबाईंचं नाव आहे त्यात. त्या कधीतरी शोरूममध्ये यायच्या, पडदे बघायला."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही मालकाच्या सासूकडे कामाला होतात."

"माझं काही चुकलं का त्यात?"

"चुकलं नाही हो. पण कधी पासबुक उघडून पाहिलं असतंत तर."

धंद्याची नोंदणी ज्या संकेतस्थळावर बघता येते तिथे तिने दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून नाव शोधलं. फर्मची मालकीण सासू, पत्ता शोरूमचाच. तिने ते पान छापून घेतलं. पहिला प्रश्न सुटला.

मग तिने स्वतःचा फोन धुंडाळला. नवरा रोज कुरकुरायचा याचा तिला पहिल्यांदाच थोडा आनंद झाला. मालकाचे आवाजी निरोप त्याने कितीदा तरी तिला पुढे पाठवले होते, सोबत "ऐक या माणसाची मिजास" असं लिहून. एकात मालक म्हणत होता, "अरे, तुझे पाचही महिने माझ्या लक्षात आहेत, पुढच्या आठवड्यात करतो काहीतरी." तिने ते पुसलं जाणार नाही अशा ठिकाणी उतरवून ठेवलं. पण निरोप पुढे पाठवलेला होता. मूळ कुणी पाठवला हे त्यावर दिसत नव्हतं. उद्या तो म्हणाला, हा आवाज माझा नाहीच, तर?

"लंबूकडे असेल," फिटर म्हणाला. "मालकाने तो ग्रुपवरच टाकला होता."

लंबू शोरूमचा सुतार. फिटरपेक्षा दहा वर्षांनी मोठा, दारातून वाकून आत येणारा. त्याचेही दोन महिने अडकले होते. त्याच्या घरी गेल्यावर त्याने चहा ठेवला, फिटरच्या आईच्या तब्येतीचं विचारलं, मग ग्रुपचं नाव काढताच चुलीकडे तोंड फिरवून उभा राहिला.

"वहिनी, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मी अजून तिथे आहे. माझ्याकडून बाहेर गेलं हे त्याला कळलं तर माझे दोन महिनेही गेले आणि नोकरीही."

"अरे, मग आपण दोघं मिळून तक्रार करू," फिटर म्हणाला.

"तू मिळून फेकून आलास का? तेव्हा विचारलंस मला?"

फिटर लाल झाला. बायकोला लंबूचा राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर तिने चहासुद्धा ठेवला नसता. तिने एवढंच सांगितलं की फोनमधलं काही पुसू नका, आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

परतताना फिटर पुटपुटत राहिला. दगाबाज, भित्रा, असं बरंच.

"आता एक सांगा," तिने सिग्नलला थांबल्यावर विचारलं. "गेल्या पाच महिन्यांत तुम्हाला काम करताना पाहिलं कुणी?"

"भांड्यांनी."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीरपणेच सांगतोय. मी सकाळी जातो तेव्हा घरातली माणसं कामावर जातात. रिकाम्या स्वयंपाकघरात मी आणि माझं ड्रिल." सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. फिटर गाडी पुढे घ्यायच्या ऐवजी तशीच धरून म्हणाला, "थांब. स्टिकर असतो."

"कसला?"

"काम झालं की सिंकखालच्या कपाटात, आतल्या बाजूला कंपनीचा स्टिकर लावतो. पुढे तक्रार आली तर कळावं म्हणून. त्यावर तारीख आणि बसवणाऱ्याचं नाव, सही. प्रत्येक घरात माझी सही आहे."

मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. "आणि हे तुम्हाला आत्ता आठवतंय," ती म्हणाली.

पुढचे दोन रविवार त्यांनी लोकांच्या सिंकखाली घालवले. फिटरला पत्ते पाठ होते. बायको बेल वाजवायची, कारण त्याला बोलू दिलं की तो सुरुवातच मालकापासून करायचा. लोक दार उघडायचे, त्याला पाहून खूश व्हायचे आणि म्हणायचे, "बरं झालं आलात, तो वरचा खण अडकतो." मग तो पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायचा. एका घरी दार घासत होतं, दुसऱ्या घरी नळाखाली ठिबकत होतं, तिसऱ्या घरी त्याने बसवलेलं सगळं छान होतं, पण त्यांना बाथरूमचा आरसा सरळ करून हवा होता. स्टिकरचा फोटो मिळेपर्यंत त्याची पाठ मोडली.

"पगार तर बुडालाच, आता फुकटात काम चाललंय," तो जिन्यात म्हणाला.

"फोटो काढताना आधी पूर्ण कपाट, मग स्टिकर जवळून. तारीख वाचता आली पाहिजे," ती म्हणाली.

काही घरांत स्टिकर पाण्याने सुटून गेले होते. एका गृहस्थांनी ओळखच दाखवली नाही. त्यांचं मालकाशी दुसऱ्या घराचं बोलणं चाललं होतं. पण एका निवृत्त परिचारिका बाईंनी दोघांना बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि फोन काढला. शोरूमने त्यांना काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मेसेज केला होता: उद्या सकाळी नऊ वाजता आमचा माणूस येईल. खाली फिटरचं नाव, त्याचा फोटो आणि ओळखपत्राचा नंबर.

"'आमचा माणूस'," बायकोने दोनदा वाचलं.

"मी लिहूनही देते," परिचारिका म्हणाल्या. "चार दिवस इथे होता, रोज शोरूममधून फोन यायचा, हे कर, ते करू नको. मी ऐकलंय. माझा फोन नंबर घाला खाली, बोलावलं तर येईन. आता घरीच तर असते." त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून तारीख घातली. मग म्हणाल्या, "तेवढी मधली फळी जरा खाली घ्याल का? माझा हात पोचत नाही."

फिटरने ती हसत हसत खाली घेतली. दोन रविवारांत तो एवढाच हसला.

मागणीचं पत्र बायकोने लिहिलं. कधीपासून कधीपर्यंत काम केलं, महिना किती ठरला होता, कुठले पाच महिने बाकी, अमुक तारखेपर्यंत द्यावेत. फिटरने वाचून तोंड वाकडं केलं. "यात मीठ नाही."

"नकोच आहे."

पत्र नोंदणीकृत टपालाने फर्मच्या नावाने, मालकाच्या सासूबाईंच्या नावाने आणि मालकाच्याही नावाने गेलं. पोच आली. चौथ्या दिवशी मालकाचा फोन आला, आवाजात साखर. "अरे, घरातली गोष्ट टपालाने कशाला? ये, बसून मिटवू."

बायको पाळीवर होती. फिटर तिला न सांगता गेला. हे तिला संध्याकाळी कळलं तेव्हा ती संतापली. पण त्याने जे सांगितलं ते असं.

मालकाने त्याच्यासमोर दोन महिन्यांची रक्कम ठेवली आणि एक छापील कागद. त्यात लिहिलं होतं की सर्व हिशोब पूर्ण झाला, यापुढे काहीही येणं नाही. फिटरचा हात पैशांकडे गेला होता, हे त्याने कबूल केलं. घरभाडं थकलं होतं, आईचं औषध बायकोच्या दुकानातून उधारीवर येत होतं. त्याने पेन घेतलं आणि त्या छापील ओळीवर काट मारून खाली लिहिलं, "पाच महिन्यांपैकी दोन महिन्यांचा पगार मिळाला, तीन महिन्यांचा बाकी." मग सही करायला लागला. मालकाने कागद ओढून घेतला, फाडला आणि पैसे खणात टाकले.

"तू कधीपासून एवढा हुशार झालास, असं म्हणाला," फिटरने सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. निघून आलो."

"फेकलं काही?"

"काही उरलंच नव्हतं फेकायला."

घरी सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. "हातात आलेलं सोडून आलास. दोन महिन्यांचे तरी मिळत होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची सवयच आहे या घराला." बायकोने हिशोबाची वही काढून थकलेलं भाडं पुन्हा मोजलं.

मागणीतली तारीख उलटून गेल्यावर तक्रार दाखल झाली. निरीक्षक बाईंनी कागद एकेक पाहिले, बँकेच्या उताऱ्यावर पेन्सिलने खूण केली, स्टिकरचे फोटो महिन्याप्रमाणे लावून घ्यायला सांगितले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. "ही प्रत हरवू नका," त्या म्हणाल्या, आणि प्रत फिटरच्या हातात न देता बायकोच्या हातात दिली.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला मालक आलाच नाही. फिटर आता दुसरीकडे रोज मजुरीवर जात होता, आणि या तारखेसाठी त्याने त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. दुसऱ्या तारखेला एक वकील आला आणि पुढची तारीख मागून गेला. तिसऱ्या तारखेला मालक आला, इस्त्रीच्या शर्टात, आणि म्हणाला की हा माणूस आमचा नोकर कधी नव्हताच. ठेक्यावर कामं घ्यायचा, जेवढं काम तेवढे पैसे.

निरीक्षक बाईंनी बँकेचा उतारा त्याच्यासमोर ठेवला. "ठेक्यावर असता तर दर महिन्याला रक्कम कमीजास्त झाली असती. इथे अडीच वर्षं तीच आहे." मग परिचारिका बाईंचा मेसेज. "आणि हा 'आमचा माणूस' कोण?"

"बोलायची पद्धत असते, मॅडम."

"हजेरीचं आणि पगाराचं रजिस्टर आणा. ते ठेवणं तुमची जबाबदारी आहे, त्यांची नाही. नसेल तर ते जे सांगतायत ते मला खरं धरावं लागेल."

वकील मालकाच्या कानाशी लागला. मग मालक म्हणाला, बरं, नोकर होता असं धरलं तरी पैसे रोख दिलेले आहेत. आणि त्याने पाकिटातून दोन पावत्या काढल्या. दोन महिन्यांचा पगार रोख मिळाला, असं त्यांवर लिहिलेलं. खाली फिटरची सही.

फिटर उभा राहिला. "मी असल्या कागदावर कधीही सही केलेली नाही."

"सही तुमची आहे का?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सही माझी आहे," तो म्हणाला. "पण वरचं काही नव्हतं तेव्हा. पेट्रोलच्या पैशांसाठी कोऱ्या पावत्यांवर सह्या घ्यायचे आमच्या. सगळ्यांच्याच."

चोराच्या उलट्या बोंबा, असं काहीतरी तो पुढे म्हणणार होता, पण बायकोने त्याच्या शर्टाची कड धरली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. कोऱ्या कागदावर सही. तीन वर्षं हा माणूस दाराच्या बिजागरीचं भोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होऊ द्यायचा नाही, आणि कोऱ्या कागदावर सही करायचा.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली. "आत्ताच ते म्हणाले की हे नोकर नव्हतेच, ठेक्यावर होते. मग या पावत्यांवर 'पगार' कसा लिहिलाय?"

वकिलाने डोळे मिटले.

निरीक्षक बाईंनी ते नोंदवून घेतलं. पण त्या स्पष्टपणे म्हणाल्या, "यावरून हे तुमचे नोकर होते, एवढं सिद्ध व्हायला मदत होते. त्या दोन महिन्यांचे पैसे मिळाले की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. सही नाकारलेली नाही. सही कोऱ्या कागदावर घेतली, हे इथे बसून मी ठरवू शकत नाही. ते वरच्या अधिकाऱ्यापुढे जाईल, साक्षी होतील, तिथे ठरेल."

फिटर काहीतरी बोलायला गेला. "बसा," बायको म्हणाली, आणि तो बसला.

उरलेल्या तीन महिन्यांवर मालकाकडे बोलायला काही नव्हतं. एका कोपऱ्यात वकिलाशी बरीच कुजबुज झाली. शेवटी तीन महिन्यांचा पगार दोन हप्त्यांत, बँकेतूनच, असं लेखी ठरलं. निरीक्षक बाईंनी त्यात स्वतः एक वाक्य घालायला लावलं की बाकीच्या दोन महिन्यांचा दावा फिटरने सोडलेला नाही. फिटरने सही करण्याआधी कागद वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा वाचला. निरीक्षक बाई घड्याळाकडे बघत राहिल्या, पण घाई करा असं म्हणाल्या नाहीत.

पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा ठरलेल्या तारखेला आला नाही, बायकोने कार्यालयात दोन फोन केले, तेव्हा आला. त्यातून भाडं फिटलं आणि औषधाच्या दुकानातली उधारीही. सासूबाई म्हणाल्या की मला वाटलंच होतं पोरगा सोडणार नाही.

त्याच आठवड्यात लंबूने फोन केला. त्याचेही आता तीन महिने झाले होते. त्याने ग्रुपवरचं सगळं उतरवून ठेवलं होतं, हे त्याने आधी सांगितलं, आणि पेट्रोलच्या पावत्यांवर त्याच्याही कोऱ्या सह्या घेतल्या होत्या, हे नंतर. वरच्या अधिकाऱ्यापुढे हे येऊन सांगेन म्हणाला. "येईलच असं नाही," बायको म्हणाली. "पण म्हणाला तरी."

वरच्या कार्यालयातून पत्र आलं. पहिली तारीख दोन महिन्यांनंतरची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी साडेदहा.

"मी एकटा जाऊन येतो," फिटर म्हणाला. "तुझी रजा कशाला फुकट."

बायकोने पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि फाइलमध्ये लावलं. "नको, मी येणार," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही जा कामावर. आणि आज आठवड्याचे पैसे मिळणार ना तुमच्या नव्या ठिकाणी? येताना पावती मागा."

"रोज मजुरीवर आहे मी, अगं. पावती कसली."

"मग कसली का असेना. मागा."

तो बडबडत जिना उतरून गेला. ती खिडकीशी उभी राहून त्याची गाडी सुरू होईपर्यंत ऐकत होती.